सासऱ्यांचं सोरायसिस वाढतच चाललंय, मेथोट्रेक्सेटनंतर पुढे काय?

अबोली_फोंडा | ५ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार. धागा जरा लांबणार आहे, समजून घ्या.

माझे सासरे ७६ वर्षांचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून अंथरूण आणि चाकाची खुर्ची. त्यात फुप्फुसाच्या दुखण्यासाठी वर्षभर प्रेडनिसोलोन चालू आहे, रोज २० मिलिग्रॅम. मार्चमध्ये उजव्या तळहातावर आणि कोपरावर जाड खपल्या धरायला लागल्या. एका खाजगी डॉक्टरांनी बघताक्षणी सोरायसिस म्हणून सांगितलं आणि क्लोबेटासोलचं मलम दिलं. पंधरा दिवस लाली उतरली, आम्हाला वाटलं सुटलो. मग दुपटीने उसळलं. जूनपासून मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या आहेत, आठवड्यातून एकदा.

आता बोटांच्या बेचक्यांत, कानामागे, कमरेखाली, पावलांवर सगळीकडे आहे. खपली राखाडी-पिवळट, जुन्या भिंतीवरचा चुना सुटतो ना तशी. सोलली तर खाली ओलसर लाल. नखं जाड झालीत आणि नखांखाली भुगा. सकाळी चादर झटकली की तांदळाच्या कोंड्यासारखा सडा पडतो, मी रोज केरसुणीने गोळा करते. खाज म्हणाल तर फारशी नाही. फंगसची तपासणी केली होती, निगेटिव्ह आली.

डॉक्टर आता महागडं बायोलॉजिक इंजेक्शन सुरू करू म्हणतात. कुणी घेतलंय का? खर्च किती, आणि या वयात झेपतं का?

जाता जाता एक वैताग. बाबांना सांभाळायला बाई टिकत नाही. जूनमध्ये ठेवलेली सव्वा महिन्यात अंगाला खाज सुटते म्हणून सोडून गेली. दुसरीही आता तेच रडगाणं गाते. कामचुकारपणाला निमित्त लागतं, दुसरं काय.

---

माडाखालचा_बाब | ५ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ताई, मला १२ वर्षं सोरायसिस आहे, दोन्ही कोपरं, दोन्ही गुडघे आणि डोकं. इंजेक्शनच्या भानगडीत पडू नका. वांगं आणि सुकी मासळी बंद करा. सकाळी सातच्या आत समुद्रावर जाऊन खाऱ्या पाण्यात अर्धा तास बसायचं आणि अंग उन्हात वाळवायचं. मी मिरामारला जातो. मला निम्मा फरक पडला.

---

अबोली_फोंडा | ५ ऑक्टोबर, रात्री ११:३०

दादा, त्यांना न्हाणीत न्यायला दोन माणसं लागतात. मिरामारला कसे नेऊ?

---

बेतकीचा_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, सकाळी ६:५०

अबोलीताई, मी त्वचारोगतज्ज्ञ, आता निवृत्त. इंजेक्शनचा विषय आजच्या दिवस बाजूला ठेवा. त्याआधी मला चार गोष्टी सांगा.

त्या दोन्ही बायांना खाज नेमकी कुठे सुटत होती, आणि केव्हा जास्त?
घरात आणखी कुणाला खाज आहे का? ‘घामोळं असेल’ म्हणून सोडून दिलेलं धरून सांगा.
डावा हात उजव्याइतकाच भरलाय का?
आणि फंगसच्या तपासणीच्या कागदावर फंगस सोडून आणखी काही लिहिलंय का?

तुम्ही वैताग म्हणून शेवटी जे लिहिलंत, मला सगळ्या पोस्टमध्ये तेच महत्त्वाचं वाटतंय.

---

अबोली_फोंडा | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:०५

डॉक्टर, आताच्या बाईला विचारलं. मनगटं, बोटांच्या बेचक्या, कमरेचा पट्टा, छातीखाली. रात्री पाठ टेकली की सुरू होते म्हणते. पहिलीचंही तसंच होतं असं आता आठवतंय.

माझ्या मुलीच्या (वय ९) कमरेला आणि काखेपाशी बारीक पुटकुळ्या आहेत, आम्ही घामोळं समजून पावडर लावत होतो. नवरा गेले चार दिवस खाजवतोय, तो साबणाला दोष देतो.

बाबांचा डावा हात बरा आहे. उजवा जो लुळा पडलाय, तोच सगळ्यात वाईट.

कागदावर एकच ओळ आहे, फंगस दिसला नाही.

---

बेतकीचा_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

मग मला ही खरूज वाटते. साधी नव्हे, खपल्यांची. न बघता छातीठोक सांगणार नाही, पण आज-उद्या बाबांची खपली खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघून घ्या, आणि तोवर बायोलॉजिक टोचू देऊ नका. आधीच प्रेडनिसोलोन आणि मेथोट्रेक्सेटने शरीराचं कुंपण मोडलंय, त्यात आणखी एक फाटक उघडायचं नाही.

सोरायसिस सहसा दोन्ही बाजूंना सारखा असतो, आणि बोटांच्या बेचक्यांत तो फारसा शिरत नाही. मुख्य म्हणजे सांभाळणाऱ्या बाईला तो होत नाही. इथे रोग्याच्या अंगावर उत्तर सापडत नव्हतं, ते बाईच्या मनगटावर होतं.

---

पेडण्याचे_मास्तर | ६ ऑक्टोबर, सकाळी ११:२०

डॉक्टरांचा मान राखून बोलतो. शाळेत चाळीस वर्षं घालवली, खरूज मला नवी नाही. खरूज झालेलं पोर रात्रभर खाजवून अंग ओरबाडून काढतं. या म्हाताऱ्या माणसाला खाजच नाही म्हणतात, मग ती खरूज कसली? शिवाय ताईंचं घर स्वच्छ दिसतंय, खरूज घाणीत होते. माझ्या मते हे जुनं इसब. कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ आणि गंधकाचं मलम, आम्ही मुलांना तेच लावायचो. आठ दिवसांत गुण.

---

बेतकीचा_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:१०

मास्तर, तुमची मुलं बरी व्हायची हे खरं आहे. गंधक हे खरजेचं जुनं आणि चालणारं औषध, तान्ह्या बाळालाही आम्ही द्यायचो. पण तुम्ही बघितलेली खरूज धडधाकट मुलांची. तिथे अख्ख्या अंगावर किडे असतात दहा-पंधरा, आणि तेवढ्यावर पोर रात्र जागवतं. कारण खाज किडा चावल्याची नसते. किडा, त्याची अंडी, त्याची विष्ठा यांच्यावर शरीर चवताळतं, त्याची ती खाज. खाजवता खाजवता नखाने किडे निघूनही जातात, म्हणून आकडा आटोक्यात राहतो.

आता अबोलीताईंच्या सासऱ्यांचं बघा. वर्षभराच्या प्रेडनिसोलोनने, म्हणजे स्टेरॉइडने, चवताळणारी फौज झोपवली. उजव्या हाताला संवेदना नाही, आणि खाजवायला तो हात उचलत नाही. वर क्लोबेटासोल, म्हणजे लालीही पुसली. किड्याला रान मोकळं. असल्या अंगावर ते हजारोंनी वाढतात, लाखांवरही जातात. ती जी चुन्यासारखी खपली आहे ना, ती त्यांच्या बिळांचा भुसभुशीत डोंगर आहे. मादी कातडीच्या वरच्या थरात बोगदा खणते, कातडी घाईघाईने नवे थर घालते, ते एकावर एक साचतात.

१८४८ मध्ये नॉर्वेत डॅनियलसन आणि बॉक यांनी हे महारोग्यांमध्ये टिपलं, म्हणून याला नॉर्वेची खरूज म्हणायची पद्धत पडली. तिथेही कातडी बधिरच होती.

आणि घाणीचं म्हणाल तर ती कातडीला कातडी लागून होते. तीन वेळा आंघोळ करणाऱ्या घरातही होते.

---

पेडण्याचे_मास्तर | ६ ऑक्टोबर, दुपारी १:५५

बधिर हाताचं पटलं. घाणीचं अजून पटत नाही, पण असो.

---

स्लाइडवाली_म्हापसा | ६ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

मी लॅबमध्ये आहे, २२ वर्षं स्लाइड बघतेय. ‘फंगस निगेटिव्ह’चं कोडं मी सोडवते.

कागदावर ‘फंगससाठी’ लिहून आलं की आम्ही पोटॅशचं पाणी घालतो आणि फंगसचे बारीक धागे शोधतो. चिमूटभर भुसा येतो, तोही बहुतेक वेळा कडेचा, सुटलेला. डोळा ज्याला शोधतो तेच त्याला दिसतं. डॉक्टरांना स्वच्छ लिहायला सांगा की खरजेचा किडा आणि अंडी बघावीत. खपली जाड असेल तिथून, खालच्या ओलसर थरापर्यंत खरवडून घ्यायची. स्लाइडवर खनिज तेलाचा थेंब टाकतात, पोटॅशमध्ये किड्याची विष्ठा विरघळून जाते आणि एक खूण हातची जाते. बघायचं कमी भिंगाखाली, मोठ्या भिंगाखाली नुसते डोळे फिरतात.

साध्या खरजेत दहा ठिकाणी खरवडून एखादा किडा मिळाला तर मी खूश होते, आणि नाही मिळाला म्हणून खरूज नाही असं कुणी म्हणू नये. पण डॉक्टर म्हणतात ती असेल तर पहिल्याच स्लाइडवर बाजार भरलेला असेल.

---

माडाखालचा_बाब | ६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:००

आता माझी झोप उडाली. माझं पण सोरायसिस नसून हेच असेल तर? १२ वर्षं मी काय किडे पाळतोय?

---

बेतकीचा_डॉक्टर | ६ ऑक्टोबर, रात्री ८:१५

बाब, दोन्ही कोपरं-गुडघे सारखे, घरात आणखी कुणाला खाज असल्याचं तुम्ही म्हटलं नाहीत, उन्हाने उतार पडतो. तुमचं सोरायसिसच, निवांत झोपा. मात्र उद्या तुम्हाला मेथोट्रेक्सेट किंवा इंजेक्शन सुरू झालं आणि औषध चालू असताना एखाद्या हाताची खपली वेगळीच जाड, ठिसूळ व्हायला लागली, बेचक्यांत शिरली, तर ‘जुनंच वाढलं’ म्हणून डोस वाढवू नका. सोरायसिसवाल्याला खरूज होत नाही असं कुठे आहे? दोन्ही एका अंगावर असतात तेव्हा आम्हीही फसतो.

---

अबोली_फोंडा | ९ ऑक्टोबर, रात्री ९:५०

आज नेलं. मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या त्वचा विभागात गेलो, रुग्णवाहिकेने. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी आधी हातमोजे चढवले, वर लांब बाह्यांचा गाऊन, आणि मग बाबांच्या हाताला हात लावला. सहा महिन्यांत हे कुणी केलं नव्हतं. त्यांनी बोथट पात्याने तळहाताची खपली खरवडली, तेल टाकलं, बघितलं आणि मला म्हणाल्या, ‘या, बघा.’

स्लाइडवालीताई, बाजारच होता. कासवासारखी गोल, पारदर्शक अंगं, पुढे आखूड पाय, त्यातले दोन-तीन हलत होते. लांबट अंडी ओळीने, आणि तपकिरी कण सगळीकडे. एका चिमटीत मी अकरा मोजले आणि मग मोजायचं सोडलं. मला भोवळच आली, कारण हाच कोंडा मी सहा महिने केरसुणीने झाडून परसात टाकत होते, उघड्या हातांनी.

मेथोट्रेक्सेट थांबवलं. प्रेडनिसोलोन मात्र एकदम सोडायचं नाही, फुप्फुसाच्या डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करायचं म्हणाल्या. आयव्हरमेक्टिन वजनावर, बाबांचं ५२ किलो म्हणून १२ मिलिग्रॅम, जेवणानंतर. आज पहिली, उद्या दुसरी, मग १६, १७ आणि २३ तारखेला. पर्मेथ्रिन ५ टक्के मलम सात दिवस रोज, मग आठवड्यातून दोनदा. आणि सॅलिसिलिक ॲसिडचं मलम खपली मऊ करायला.

बेतकीच्या डॉक्टरांना देव बरें करूं. पण गोळ्या आठवड्या-आठवड्याच्या अंतराने का, आणि गोळी आहे तर मलम कशाला, हे मी घाबरून विचारलंच नाही.

---

बेतकीचा_डॉक्टर | १० ऑक्टोबर, सकाळी ७:००

बरोबर दिलंय. गोळी जिवंत किड्याला मारते, अंड्याला नाही. अंडी तीन-चार दिवसांत फुटतात आणि पिल्लाचा प्रजननाला तयार किडा व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणून दर आठवड्याच्या टप्प्याने गोळ्यांची जोडी, नवी पिढी वयात यायच्या आत तिला गाठायचं. एकच गोळी घेऊन थांबलेले रुग्ण मी पाहिलेत, महिन्याने पुन्हा तेच.

मलम यासाठी की खपली म्हणजे मेलेली कातडी, तिच्यात रक्त नाही, मग रक्तातून गोळी तिथे पोचणार कशी? आणि मलमही वरच्या कवचावर नुसतं चोपडून आत जात नाही. बाबांचे हातपाय कोमट पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा, मऊ झालेलं कापडाने हलक्या हाताने पुसून काढा, ओरबाडू नका. अंग कोरडं करून मग पर्मेथ्रिन. सॅलिसिलिकचं मलम दिवसाच्या दुसऱ्या वेळी, अख्ख्या अंगाला एकदम नको.

साध्या खरजेत मोठ्या माणसाला मानेखाली लावतात. इथे डोकं, कपाळ, कानामागे, कानाच्या पाळीच्या घड्या, बेंबी, सगळीकडे, फक्त डोळे-तोंड वगळून. नखं अगदी आखूड कापा आणि नखांच्या कडेखाली जुन्या दातघासणीने मलम घाला, मग ती दातघासणी टाकून द्या. एका वेळेला साधारण ३० ग्रॅम लागेल, म्हणजे छोटी ट्यूब एका रात्रीत संपेल. पुरवून वापरली की फसलात. आठ ते बारा तास ठेवायचं, मध्ये हात धुतले किंवा डायपर बदलला तर तिथे पुन्हा लावायचं.

---

उसगावकर_काका | १० ऑक्टोबर, सकाळी १०:३०

आयव्हरमेक्टिन का? २०२१ च्या मे महिन्यात आपल्याकडे अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना कोविडसाठी द्यायची म्हणून घोषणा झाली होती, आठवतं? १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. तेव्हाची एक अख्खी पट्टी माझ्या कपाटात पडलीय. मला पण हल्ली पाठीला खाज येते, घेऊन टाकू का?

---

बेतकीचा_डॉक्टर | १० ऑक्टोबर, सकाळी ११:०५

काका, ती पट्टी मुदत संपलेली आहे, फेकून द्या. कोविडवर तिचा उपयोग नव्हता, खरजेवर आहे, पण तुम्हाला खरूज आहे हे आधी कुणी बघू दे. आणि तुम्ही रक्त पातळ करायची वॉरफरिन घेत असाल तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय ही गोळी मुळीच नको.

---

वॉर्डातली_सिस्टर | १० ऑक्टोबर, दुपारी २:२०

अबोली, मी वृद्धांच्या वॉर्डात काम केलंय. एका आजीला ‘एक्झिमा’ म्हणून तीन महिने सांभाळलं आम्ही. नंतर पाच आया, एक डॉक्टर, फिजिओथेरपीवाला मुलगा आणि धोब्याची बायको, सगळे खाजवायला लागले. धोब्याच्या बायकोने आजीला कधी पाहिलंही नव्हतं, फक्त चादरी धुतल्या होत्या. साध्या खरजेत हे सहसा होत नाही, त्यात कातडी बराच वेळ कातडीला लागावी लागते. यात गळालेल्या कोंड्यातच किडे असतात.

म्हणून केरसुणी बंद. कोंडा उडतो. ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत. चादर झटकायची नाही, आतल्या बाजूला गुंडाळायची. चादरी-कपडे रोज. आपल्याकडे भाण असेलच न्हाणीत, त्याचं कढत पाणी काढा आणि त्यात कपडे दहा मिनिटं तरी बुडवून ठेवा. पन्नास अंशांवर किडा आणि अंडी दोन्ही मरतात, हात घालवणार नाही एवढं गरम म्हणजे बास. जे धुता येत नाही, खुर्चीची गादी, उशी, रक्तदाबाच्या यंत्राचा पट्टा, ते प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून ठेवायचं. अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांत मरतो, पण आपली हवा दमट आणि दमटीत तो जास्त तग धरतो, म्हणून मी आठवडाभर सांगते.

औषध लावणाऱ्याने हातमोजे आणि लांब बाह्या. मोजे मनगटावर, बाहीच्या वरून.

---

उसगावकर_काका | १० ऑक्टोबर, दुपारी ३:००

त्यापेक्षा पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवा, एका फवाऱ्यात काम.

---

वॉर्डातली_सिस्टर | १० ऑक्टोबर, दुपारी ३:१०

काका, त्यांना फुप्फुसाचं दुखणं आहे. आणि किडा भिंतीत राहत नाही, माणसात राहतो.

---

अबोली_फोंडा | १० ऑक्टोबर, रात्री १०:००

घरात आम्ही चौघं आणि बाई, पाचही जणांनी आज रात्री एकदम मलम लावलं, आठवड्याने पुन्हा लावायचंय. बाईचं औषध आम्हीच आणलं. नवऱ्याची आत्या फोनवर म्हणाली, ‘त्या बाईनेच आणलं असणार, कुठल्या कुठल्या घरी जातात.’ मीही आधी तेच मनात आणलं होतं.

---

स्लाइडवाली_म्हापसा | १० ऑक्टोबर, रात्री १०:२५

तारखा बघा ना. खपल्या मार्चपासून. बाई जूनमध्ये आली आणि सव्वा महिन्याने खाजवायला लागली. पहिल्यांदाच खरूज होणाऱ्याला चार ते सहा आठवड्यांनी खाज येते. तिने आणली नाही, ती तुमच्याकडून घेऊन गेली. आणि पुढच्या घरीही घेऊन गेली असेल, तेव्हा तिला शोधून सांगा.

---

अबोली_फोंडा | ११ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

सकाळी तिच्या घरी गेले, कुर्टीला. दारात उभी राहून बोलली, आत या म्हणाली नाही. तिच्या दोन्ही पोरांना आहे. मलम दिलं, कसं लावायचं सांगितलं, आणि जुलैचे कापलेले पैसे दिले. पुढे काय बोलायचं सुचेना.

आता दुसरं संकट. ऑगस्टअखेर चवथीला बाबांच्या पाया पडायला सगळं खानदान आलं होतं, एकोणीस माणसं. प्रत्येकाने हात हातात घेतला. ऑक्टोबर लागताच मडगावहून जाऊबाईंचा फोन, अंगाला खाज. ती पाचव्या महिन्यात आहे. आत्या तर ऐकूनच घेत नाही, ‘आमच्या घराण्यात खरूज?’ म्हणून फोन ठेवला.

---

बेतकीचा_डॉक्टर | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:००

जाऊबाईंना गोळी नको, पर्मेथ्रिन मलम चालतं. त्यांच्या डॉक्टरांना घरातली गोष्ट पूर्ण सांगू दे. लहानग्यांनाही मलमच. ज्यांनी हात धरला त्या सगळ्यांना, खाज असो-नसो, एकाच रात्री लावायचं. आज नसलेली खाज पुढच्या आठवड्यात येईल, आणि एक जण सुटला की तोच पुन्हा सगळ्यांना वाटत बसतो.

आत्याबाईंना ‘खरूज’ म्हणू नका. किडा लागलाय म्हणा.

बाबांच्या भेगांकडे रोज बघा. भेगेतून जंतू रक्तात गेले की यात माणूस दगावतो, खरजेने नव्हे, त्या जंतुसंसर्गाने. स्टेरॉइडवर असल्याने ताप येईलच असं नाही. गुंगी, न जेवणं, भेगेला वास, श्वास वाढणं यातलं एकही दिसलं तर वाट न बघता रुग्णालय.

---

पेडण्याचे_मास्तर | १२ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

माझा पुतण्या त्वचेचा डॉक्टर आहे, तो म्हणतो हल्ली पर्मेथ्रिन पूर्वीसारखं चालत नाही, किडे निर्ढावलेत. मग गंधकच बरं, नाही का?

---

बेतकीचा_डॉक्टर | १२ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

यावर आमच्यात वाद आहे, मास्तर. काही जण निर्ढावलेपण म्हणतात. मी माझ्या खोलीत ‘मलम चाललं नाही’ म्हणून आलेल्यांना विचारायचो, तर ट्यूब दोन जणांत वाटलेली, बेचक्या सोडलेल्या, नवऱ्याने लावलंच नाही. म्हणून मी अजून लावण्याच्या पद्धतीला दोष देतो. पुतण्या तरुण आहे, त्याने माझ्यापेक्षा अलीकडचे रुग्ण पाहिलेत, त्याचंही खरं असेल. गंधक साध्या खरजेत जरूर. या कवचाखाली तो एकटा पुरा पडणार नाही.

---

अबोली_फोंडा | २७ ऑक्टोबर, रात्री ८:२०

पाच गोळ्या झाल्या. कोपर आणि पाठ कोरी, खाली गुलाबी कातडी. तळहाताचं कवच तिसऱ्या आठवड्यात एका अखंड तुकड्यात सुटलं, हातमोजा काढावा तसं. बाबा डाव्या हाताने उजवा हात चाचपून बघत राहिले. आणि गंमत म्हणजे त्यांना आता खाज सुटायला लागलीय. माझ्या पोटात गोळा आला, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की औषधानंतर काही आठवडे खाज राहते, मेलेल्या किड्यांवर शरीर आता कुठे चिडतंय.

खरवडून पुन्हा बघितलं. तळहातावर काही नाही. पण उजव्या अंगठ्याच्या नखाखालून एक जिवंत किडा आणि दोन अंडी. म्हणून आणखी दोन गोळ्या, ३० ऑक्टोबर आणि ६ नोव्हेंबरला.

आत्याने अजून मलम लावलेलं नाही. पुढच्या आठवड्यात येते म्हणालीय.

---

वॉर्डातली_सिस्टर | २७ ऑक्टोबर, रात्री ८:४५

येऊ दे. बाबांच्या खोलीच्या दारात मलम ठेव आणि सांग, लावलं तर आत.

---

अबोली_फोंडा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:१०

सिस्टर, तुम्ही आमच्या आत्याला ओळखत नाही.

स्लाइडवालीताई, ६ तारखेनंतर शेवटचं खरवडायचंय. इथल्याच लॅबमध्ये देऊ म्हणते, रुग्णवाहिकेचा खर्च वाचेल. काय सांगून देऊ?

---

स्लाइडवाली_म्हापसा | २७ ऑक्टोबर, रात्री ९:३०

गोळीनंतर निदान आठवडा जाऊ दे, मग दे. कागदावर ‘खरजेचा किडा व अंडी’ लिहून घे, फंगस नाही. आणि तळहाताचं आणू नकोस, तो कोराच येईल. दहाही बोटांची नखं कापून, नखांखालचा भुगा वेगळ्या कागदाच्या पुडीत आण.